बक्षिसाचं वेळापत्रक

कोकेन किंवा मेथॲम्फेटामाइनच्या व्यसनावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेलं एकही औषध नाही. हेरॉइन घेणाऱ्याला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देता येतं, दारू पिणाऱ्याला नाल्ट्रेक्सोन नाहीतर डायसल्फिरम. उत्तेजक द्रव्यं घेणारा समोर येऊन बसला की डॉक्टरकडे लिहून देण्यासारखं फारसं काही नसतं. अशा रुग्णांसाठी आजवर जे उपाय तपासून पाहिले गेले, त्यांत सर्वांत भक्कम पुरावा ‘कंटिन्जन्सी मॅनेजमेंट’च्या बाजूने आहे. या पुस्तकात आणि या प्रस्तावनेत त्याला ‘सीएम’ म्हटलं आहे.

पद्धत सांगायला दोन मिनिटं लागतात. रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रावर येतो, लघवीचा नमुना देतो आणि काही मिनिटांत पट्टीवर निकाल दिसतो. निकाल निगेटिव्ह असेल तर ठरलेल्या किमतीचं कूपन लगेच त्याच्या हातात पडतं. पॉझिटिव्ह असेल तर कूपन मिळत नाही. रागावणं नाही, उपदेश नाही, पुढची तारीख सांगून निरोप. हे ऐकल्यावर लोक दोन गोष्टी म्हणतात. एक, ‘ही तर लाच झाली.’ दोन, ‘एवढंच ना? सोमवारपासून सुरू करू.’ पहिल्यावर मी फार वेळ घालवत नाही. लाच चुकीचं काम करून घेण्यासाठी देतात, आणि ज्याला फायदा हवा तो देतो. इथे दोन्ही नाही. मला धास्ती वाटते ती दुसऱ्या वाक्याची. उत्साहाने सुरू झालेले आणि सहा महिन्यांत ‘आमच्याकडे हे चालत नाही’ असा शेरा मिळून बंद पडलेले कार्यक्रम पाहावेत, तर बहुतेक ठिकाणी सीएम झालेलंच नसतं. झालेलं असतं ते बक्षीसवाटप.

या दोहोंत फरक कुठे पडतो, हे पाहायला व्हरमाँटला जावं लागतं. त्या छोट्या राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात व्हरमाँट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिगिन्स यांनी कोकेन घेणाऱ्यांसाठी एक तक्ता आखला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे निकाल प्रसिद्ध केले. पुढे निघालेल्या बहुतेक सगळ्या योजना त्या तक्त्याच्या लेकी-सुना आहेत, म्हणून तो नीट समजून घेणं भाग आहे.

नमुना आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे; म्हणजे ३६ नमुने. पहिल्या निगेटिव्ह नमुन्याला २.५० डॉलरचं व्हाउचर. त्यानंतरच्या प्रत्येक सलग निगेटिव्ह नमुन्याला आधीच्यापेक्षा १.२५ डॉलर जास्त: ३.७५, ५, ६.२५ आणि असंच वर. शिवाय सलग तीन निगेटिव्ह झाले की दहा डॉलरचा बोनस. नमुना पॉझिटिव्ह आला किंवा रुग्ण आलाच नाही, तर त्या दिवशी काही नाही आणि पुढची किंमत पुन्हा २.५० वर. मात्र तिथून सलग पाच निगेटिव्ह नमुने दिले की रुग्ण घसरण्याआधी ज्या पायरीवर होता तिथेच परत. एकही पॉझिटिव्ह न येता ३६ नमुने देणाऱ्याची कमाई ९९७.५० डॉलर होते. हा आकडा कागद घेऊन एकदा स्वतः जुळवून पाहावा, असं मी सुचवेन. ८७७.५० व्हाउचरचे आणि १२० बोनसचे. हिशेब करताना वेळापत्रकाची चाल अंगात मुरते.

रोख रक्कम कोणाच्या हाती दिली नाही. व्हाउचरच्या बदल्यात कर्मचारी वस्तू आणून देत, आणि ती वस्तू रुग्णाच्या नव्या आयुष्याशी सुसंगत असावी एवढी अट असे. कोणी मासेमारीचा परवाना काढून घेतला, कोणी उपाहारगृहाचं कूपन. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ४० रुग्ण होते. सगळ्यांना सारखंच समुपदेशन मिळालं. निम्म्यांना त्याच्या जोडीला व्हाउचर. व्हाउचर मिळालेल्यांपैकी ७५ टक्के रुग्ण २४ आठवड्यांचा उपचार पूर्ण होईपर्यंत टिकले, इतरांपैकी ४० टक्के. सलग कोकेनमुक्त राहण्याचा सरासरी काळ पहिल्या गटात ११.७ आठवडे आणि दुसऱ्या गटात सहा.

आता तक्त्याच्या एकेका कलमाकडे पाहू, कारण प्रत्येक कलम काही काम करतं आणि नेमकं तेच सोयीसाठी आधी वगळलं जातं.

किंमत वाढत का जाते? एखादा रुग्ण तिसऱ्या नमुन्याला घसरला तर त्याचे त्या दिवशीचे पाच डॉलर जातात आणि पुढचे २.५० पासून सुरू होतात. नुकसान किरकोळ, आणि ते किरकोळच हवं. सुरुवातीला घसरणं अपेक्षित असतं. तोच रुग्ण सलग २४ निगेटिव्ह देऊन पंचविसाव्याला घसरला तर त्या दिवशीचे ३२.५० डॉलर जातात आणि पुढच्या भेटीची किंमत ३३.७५ ऐवजी २.५० होते. म्हणजे व्यसनमुक्तीचा काळ जितका लांबतो तितकं तो तोडणं महाग पडतं. दर वेळी सारखीच रक्कम दिली तर हा दाब तयार होत नाही. धूम्रपान करणाऱ्यांवर जॉन रोल आणि हिगिन्स यांनी १९९६ मध्ये हे तपासलं. एका गटाला ठरावीक रक्कम, दुसऱ्याला वाढत जाणारी आणि चुकल्यावर खाली येणारी. एकदा सिगारेट थांबवल्यावर पुन्हा ओढू लागण्याचं प्रमाण वाढत्या किमतीच्या गटात कमी राहिलं. तरीही ‘हिशेब ठेवायला सोपं’ म्हणून सरसकट एकच किंमत लावणारी केंद्रं आहेत. त्यांनी पैसे तेवढेच खर्च केले, पण सलगपणाला काही किंमत दिली नाही.

आणि परत येण्याची वाट कशासाठी? पंचविसाव्या नमुन्याला घसरलेल्या माणसाच्या जागी बसून पाहा. ही वाट नसेल तर आठ आठवड्यांची चढण वाया गेली आणि पुन्हा तळापासून चढायचं. अशा वेळी बुधवारी केंद्रावर जाण्याचं कारण त्याच्याकडे उरत नाही आणि एक घसरण आठवडाभराच्या सेवनात बदलते. पाच नमुन्यांनंतर जुनी पायरी मिळणार असेल, तर त्याला दोन आठवड्यांच्या आतलं एक ठिकाण दिसत राहतं. खाली आणणं आणि परत नेणं या दोन कलमांची जोडी आहे. एक ठेवून दुसरं काढलेल्या योजना मी वाचल्या आहेत, आणि त्यांत बहुधा शिक्षा राखलेली असते, परतीची वाट काढलेली. यामागे हिशेबापेक्षा नैतिक राग असतो, असा माझा संशय आहे.

यापुढची गोष्ट रकमेची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये केनेथ सिल्व्हरमन यांनी १९९९ मध्ये असे रुग्ण निवडले, ज्यांच्यावर आधीचा व्हाउचर-उपचार अपयशी ठरला होता. ते मेथाडोन घेत होते आणि कोकेन सोडत नव्हते. त्याच रुग्णांना वेगवेगळ्या नऊ आठवड्यांच्या टप्प्यांत जास्तीत जास्त शून्य, ३८२ आणि ३,४८० डॉलर मिळवता येतील अशी तीन वेळापत्रकं दिली. किमान चार आठवडे सलग कोकेनमुक्त राहणारे रुग्ण शून्याच्या टप्प्यात एकही नव्हते, ३८२च्या टप्प्यात नगण्य, आणि सर्वांत मोठ्या रकमेच्या टप्प्यात जवळजवळ निम्मे. जे ‘उपचाराला दाद देत नाहीत’ म्हणून नोंदले गेले होते, त्यांना अपुरी मात्रा मिळत होती.

मात्रा हाच शब्द इथे वापरावा. जंतुसंसर्गावर पाचशे मिलिग्रॅमऐवजी पन्नास मिलिग्रॅम दिलं आणि ताप उतरला नाही, तर औषध निकामी आहे असं कोणी म्हणत नाही. अमेरिकेत मात्र बरीच वर्षं केंद्रीय अनुदानावरच्या कार्यक्रमांना रुग्णामागे वर्षाला ७५ डॉलरची मर्यादा पाळावी लागे. आठवड्याला दोन भेटी धरल्या तर बारा आठवड्यांत प्रत्येक नमुन्यामागे तीन डॉलरच्या आसपास. म्हणजे हिगिन्स यांनी नव्वदच्या दशकात जिथून सुरुवात केली, जवळपास तिथेच मुक्काम, आणि तोही तीस वर्षांच्या महागाईनंतर. अशा कार्यक्रमांत फरक दिसला नाही, याचं आश्चर्य वाटायला नको.

खर्च कमी करण्याचा एक प्रामाणिक मार्ग कनेक्टिकट विद्यापीठाच्या नॅन्सी पेट्री यांनी शोधला. त्यांच्या पद्धतीत निगेटिव्ह नमुन्यामागे ठरलेली रक्कम नसते. काचेच्या भांड्यातून चिठ्ठी काढायची संधी असते. भांड्यात ५०० चिठ्ठ्या. त्यांपैकी निम्म्यांवर फक्त ‘शाब्बास’ या अर्थाचे दोन शब्द. २०९ चिठ्ठ्या सुमारे एक डॉलरच्या वस्तूच्या, ४० चिठ्ठ्या सुमारे वीस डॉलरच्या आणि एक चिठ्ठी शंभर डॉलरची. एका चिठ्ठीची सरासरी किंमत निघते २ डॉलर २२ सेंट. सलग निगेटिव्ह नमुन्यांबरोबर इथे चिठ्ठ्यांची संख्या वाढते: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, याप्रमाणे ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, आणि चुकलं की पुन्हा एक. २००५ मध्ये अमेरिकेतल्या आठ केंद्रांवर ४१५ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात माणशी सरासरी सुमारे २०३ डॉलरची बक्षिसं गेली आणि तरीही सलग व्यसनमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारापेक्षा स्पष्टपणे जास्त राहिलं.

ही पद्धत स्वस्त असल्याने सर्वांना आवडते आणि म्हणूनच सर्वांत जास्त बिघडवली जाते. वीस डॉलरच्या चाळीस चिठ्ठ्या काढून दहा ठेवल्या, तर चिठ्ठीची सरासरी किंमत एक डॉलरच्या जवळ येते. भांडं मात्र तसंच भरलेलं दिसतं. वस्तूंचं कपाट दुसरी घसरण. त्यात रुग्णांना हव्या त्या वस्तू असाव्या लागतात आणि त्या संपण्याआधी भराव्या लागतात. शंभर डॉलरची चिठ्ठी निघाली आणि ‘ती वस्तू पुढच्या महिन्यात येईल’ असं सांगावं लागलं, तर त्या दिवशी प्रतीक्षागृहातल्या सगळ्यांना भांड्याची खरी किंमत कळते. मी कार्यक्रम पाहायला गेलो तर आधी कपाट उघडायला सांगेन, फाईल नंतर.

आता एक वेळापत्रक पूर्ण चालवून पाहू. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये आपल्या मेडी-कॅल या सरकारी आरोग्य योजनेतून सीएम सुरू केलं. केंद्र सरकारची अशी मान्यता मिळवणारं ते पहिलं राज्य. त्यांचा कार्यक्रम २४ आठवड्यांचा आहे. पहिले बारा आठवडे दर आठवड्याला दोन भेटी. पहिल्या आठवड्यात प्रत्येक निगेटिव्ह नमुन्याला दहा डॉलर आणि दर आठवड्याला दीड डॉलरची वाढ. बाराव्या आठवड्यात प्रत्येकी २६.५०. त्यानंतर भेट आठवड्यातून एकदा: तेरा ते अठराव्या आठवड्यापर्यंत पंधरा डॉलर, एकोणीस ते तेवीसपर्यंत दहा आणि शेवटच्या भेटीला २१. बेरीज ५९९ डॉलर. एक डॉलर कमी का, तर वेळापत्रक आखलं तेव्हा सहाशेला कर-खात्याला कळवण्याचा प्रश्न उभा राहत असे. कोणत्याही वेळापत्रकात विज्ञानाच्या जोडीला असा एखादा कारकुनी आकडा सापडतोच. गिफ्ट कार्डावर दारू, तंबाखू, गांजा किंवा लॉटरी घेता येत नाही. पॉझिटिव्ह नमुना किंवा विनाकारण गैरहजेरी झाली की किंमत पुन्हा दहावर येते, आणि सलग दोन निगेटिव्ह नमुन्यांनंतर रुग्ण जुन्या पायरीवर परततो.

या वेळापत्रकावर मेथ घेणारा एक काल्पनिक रुग्ण ठेवू: चाळिशीतला ट्रकचालक. नोंदणीच्या दिवशी त्याचा नमुना पॉझिटिव्ह येतो. पहिली चूक इथेच होऊ शकते. ‘आधी आठवडाभर स्वच्छ राहून दाखव, मग घेऊ’, असं सांगितलं जातं. ते त्याला जमत असतं तर तो आला नसता. त्याला आत घ्यायचं, कार्ड कसं मिळतं ते दाखवायचं आणि पुढची भेट तीन-चार दिवसांनी ठेवायची. मेथॲम्फेटामाइनचा अंश लघवीत साधारण दोन ते चार दिवस दिसतो, जास्त घेणाऱ्यांत कधी त्याहूनही जास्त. म्हणून पहिल्या आठवड्यातला पॉझिटिव्ह निकाल कधीकधी जुन्याच सेवनाचा असतो, आणि हे रुग्णाला आधी सांगितलेलं असलं पाहिजे. नाहीतर दोन दिवस जिवावर उदार होऊन राहिलेला माणूस पट्टीवर ‘पॉझिटिव्ह’ पाहतो आणि यंत्रावरचा त्याचा विश्वास उडतो.

समजा पुढे त्याचं सूत जुळलं. पाचव्या आठवड्यात तो प्रत्येक भेटीला सोळा डॉलर मिळवतो आहे, सहाव्याच्या पहिल्या भेटीला साडेसतरा. आणि दुसऱ्या भेटीला नमुना पॉझिटिव्ह येतो.

त्या दहा मिनिटांत कर्मचारी काय करतो यावर उपचार अवलंबून असतो. तो म्हणतो: आज कार्ड नाही. पुढच्या भेटीला नमुना निगेटिव्ह आला तर दहा डॉलर, त्यापुढच्यालाही दहा, आणि मग पुन्हा साडेसतरावर. मंगळवारी भेटू. बस. ‘इतका छान चालला होतास’, हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी शिक्षा असते. आणि शिक्षा झाली की माणूस मंगळवारी येत नाही. याच्या उलट चूकही तितकीच होते. त्याची मुलगी आजारी होती, त्याने रडून सगळं सांगितलं, कर्मचाऱ्याला दया आली आणि कार्ड दिलं गेलं. आता साडेसतरा डॉलर चांगल्या कारणाचे झाले, निगेटिव्ह पट्टीचे राहिले नाहीत. तिसरा प्रकार: नमुना निगेटिव्ह आहे, पण रुग्ण उर्मटपणे वागला, किंवा त्याच्या तोंडाला गांजाचा वास आला, म्हणून कार्ड रोखलं. कॅलिफोर्नियाचं वेळापत्रक फक्त उत्तेजक द्रव्यांवर बांधलेलं आहे. इतर द्रव्यांचं सेवन दिसलं तर त्यावर बोलायचं, उपचार सुचवायचा, पण कार्डाला हात लावायचा नाही. सगळी व्यसनं एकदम सोडण्यावर बक्षीस लावलं की ते कोणालाच मिळेनासं होतं, आणि कधीच न मिळणारं बक्षीस वागणूक बदलत नाही.

आता याच रुग्णाच्या केंद्रात दोन छोट्या ‘सोयी’ करून पाहू. पहिली: पट्टीऐवजी नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, निकाल अधिक अचूक असतो म्हणून. निकाल चार दिवसांनी येतो आणि कार्ड पुढच्या भेटीत. मधल्या काळात या माणसाने कदाचित मेथ घेतलेलं असतं आणि त्याच सकाळी त्याला गेल्या आठवड्याचं कार्ड मिळतं. कागदावर नोंद बरोबर आहे, पण त्याच्या अनुभवात सेवनापाठोपाठ बक्षीस आलं. मेथची किक मिनिटांत मिळते. तिच्याशी स्पर्धा करणारी गोष्ट आठवड्याने आली तर ती स्पर्धेतच नसते. प्रयोगशाळेचा निकाल वाद मिटवण्यासाठी ठेवावा. कार्ड पट्टीवर द्यावं.

दुसरी सोय: मनुष्यबळ कमी म्हणून आठवड्यातून एकच भेट, दर मंगळवारी. वरवर पाहता फक्त संख्या कमी झाली. पण दिवस मोजा. मंगळवारी संध्याकाळी नमुना देऊन, कार्ड घेऊन तो बाहेर पडतो, बुधवारी रात्री मेथ घेतो, आणि पुढच्या मंगळवारपर्यंत सहा दिवस जातात. नमुना निगेटिव्ह. कार्ड मिळतं, आणि सलग निगेटिव्ह धरून किंमतही वाढते. मंगळवार सांभाळून सेवन करण्याचं प्रशिक्षण आपण त्याला पैसे देऊन दिलं. कोकेनचंही असंच: त्याचा चयापचयातून बनणारा अंश लघवीत दोन-तीन दिवस दिसतो, म्हणूनच हिगिन्स यांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार धरले होते. रोज तपासणीही उपयोगी नाही, कारण एकाच सेवनाला दोन-तीन दिवस दंड बसत राहतो. कॅलिफोर्नियाच्या वेळापत्रकात तेराव्या आठवड्यापासून भेट एकदाच होते, ही माझ्या मते त्यातली कच्ची बाजू आहे. तोवर सवय बसलेली असेल या भरवशावर केलेली तडजोड.

नमुना खरा आहे ना, हे पाहण्याचं काम कंटाळवाणं पण टाळता न येणारं. नुकत्याच दिलेल्या लघवीचं तापमान साधारण ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असतं आणि ते चार मिनिटांच्या आत पाहावं लागतं. भांड्यावर तशी पट्टी असते. क्रिएटिनिन फार कमी निघालं तर नमुन्यात पाणी मिसळलं आहे, किंवा माणूस भरपूर पाणी पिऊन आला आहे. उलट बाजूने, ॲम्फेटामाइनची पट्टी काही औषधांनीही पॉझिटिव्ह होते: सर्दीतलं स्यूडोएफेड्रिन, नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑन, रक्तदाबाचं लॅबेटालॉल. रुग्ण कोणती औषधं घेतो याची यादी पहिल्याच दिवशी हवी; पट्टी पॉझिटिव्ह आल्यावर विचारली तर ती चौकशी वाटते.

कार्यक्रम चालतो आहे की नाही, हे मोजतानाही फसायला होतं. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने २०११ पासून आपल्या रुग्णालयांत पेट्रींच्या पद्धतीने सीएम सुरू केलं. त्यात जमा झालेल्या नमुन्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त निगेटिव्ह निघाले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो दिलेल्या नमुन्यांचा आहे. ठरलेल्या भेटींपैकी रुग्ण हजर राहिले ते निम्म्याहून थोड्या जास्त. जे आले नाहीत त्यांच्यातले किती जण व्यसनमुक्त होते, हे त्या ९० टक्क्यांतून कळत नाही. म्हणून केंद्राच्या वहीत दोन रकाने हवेत: आलेल्या नमुन्यांपैकी निगेटिव्ह किती, आणि ठरलेल्या भेटींपैकी निगेटिव्ह किती. या दोहोंतलं अंतर वाढू लागलं, तर लोक घसरल्यावर परत येत नाहीत असा अर्थ होतो आणि दोष बहुतेकदा परतीच्या वाटेत किंवा कर्मचाऱ्याच्या तोंडी असलेल्या शब्दांत सापडतो.

वेळापत्रक संपल्यावर काय होतं, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात विचारला जातो. परिणाम कमी होतो, पण शून्य होत नाही. सर्व अभ्यास एकत्र पाहिले तर बक्षीस थांबून काही महिने उलटल्यावरही थोडा फायदा उरलेला दिसतो. पुढेही कोण टिकेल, याचा चांगला अंदाज उपचारादरम्यान माणूस सलग किती काळ व्यसनमुक्त राहिला यावरून येतो. वेळापत्रकात सलगपणाला एवढी किंमत का, याचं आणखी एक कारण हे.

शेवटी महाराष्ट्राबद्दल. आपल्याकडे व्यसनमुक्तीचा उपचार म्हटला की बहुधा दाखल होऊन काही आठवडे राहणं डोळ्यांसमोर येतं. सीएम तिथे बसत नाही. दार बंद असलेल्या वॉर्डात नमुना निगेटिव्ह आला तर त्यातून वॉर्डच्या कुलपाबद्दल कळतं, रुग्णाच्या निवडीबद्दल नाही. ज्या दिवशी तो घरी जातो, त्याच आठवड्यात हे वेळापत्रक सुरू व्हायला हवं, आणि त्यासाठी बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून दोनदा येणं त्याला बसभाडं आणि बुडालेली मजुरी धरूनही परवडलं पाहिजे. डॉलरला विनिमय दराने गुणून किंमत ठरवू नये. त्या गावात, त्या माणसाला ती रक्कम थांबून विचार करायला लावते का, हे आधी थोड्या रुग्णांवर पाहावं.

पण त्याही आधीचा अडसर पट्टीचा आहे. मुंबई-पुण्यात ‘एमडी’ या नावाने विकलं जाणारं उत्तेजक म्हणजे मेफेड्रोन. २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून त्याचा प्रचंड साठा पकडला. मेफेड्रोन कॅथिनोन गटातलं आहे. कोकेन, ॲम्फेटामाइन, मेथ अशी नावं असलेलं नेहमीचं तपासणी-भांडं ते भरवशाने पकडत नाही. म्हणजे कॅलिफोर्नियाचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं आणलं, किमती बरोबर लावल्या, वार बरोबर धरले, कर्मचारी प्रशिक्षित केले, तरी रोज एमडी घेणारा माणूस चोवीस आठवडे निगेटिव्ह पट्ट्या दाखवून पूर्ण बक्षीस घेऊन जाऊ शकतो. म्हणून कोणत्याही केंद्राने कूपनांचा विचार करण्याआधी पुरवठादाराला लेखी विचारावं की ही पट्टी मेफेड्रोन पकडते का, किती तीव्रतेपर्यंत पकडते आणि सेवनानंतर किती तासांपर्यंत. शेवटच्या उत्तरावरून आठवड्यातले वार ठरतील. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तपासणी आणि चौथ्यात बक्षिसं असा क्रम आहे, तो याच कारणाने.